विहिरीवरचे खोपे आणि मुलांचा नोंदतक्ता

मुलांना घेऊन घरट्यांच्या नोंदी ठेवायच्या म्हटले की आधी घरटे निवडावे लागते, आणि बहुतेक घरटी या कामाला चालत नाहीत. आमच्या शाळेच्या मेंदीच्या कुंपणात दरवर्षी बुलबुलाचे घरटे असते. ते कमरेइतक्या उंचीवर आणि वरून उघडे असते, त्यामुळे प्रत्येक मुलाला आत डोकावण्याचा मोह होतो. मुले डोकावली की बुलबुल उडतो आणि तो कुठून उडाला हे वरच्या तारेवर बसलेला कावळा पाहतो. टिटवीचे घरटे तर शेतातल्या खड्यांतच असते. टिटवीने अंडी उंचवट्यावर घातली की पाऊस जास्त पडतो, हे आमच्याकडे प्रत्येक मुलाला ठाऊक असते, पण ती अंडी ओळखू न आल्यामुळे त्यांवर पाय पडण्याची भीती मोठी असते. सहावी ते आठवीच्या मुलांना नियमितपणे नेता येईल, दुरून स्पष्ट दिसेल, हाताला मुळीच लागणार नाही आणि आत न पाहताही ज्याची प्रगती कळेल, असे घरटे मला हवे होते. चोपडा तालुक्यातील आमच्या गावात ते एकाच पक्ष्याचे सापडले, ते म्हणजे सुगरणीचे.

शाळेपासून पायी दहा मिनिटांच्या अंतरावर आप्पांची विहीर आहे. तिच्या पूर्वेला केळीची बाग, दक्षिणेला उसाचा एक पट्टा आणि पश्चिमेच्या काठावर पाण्यावर झुकलेली जुनी बाभूळ आहे. पावसाळा लागला की त्या बाभळीच्या पाण्यावरच्या फांद्यांना खोपे लटकू लागतात. सुगरण काटेरी झाड आणि खाली पाणी अशी जागा पसंत करते, कारण साप, मांजर आणि माणूस या तिघांनाही तिथे पोहोचणे अवघड जाते. जे पक्ष्याच्या सोयीचे तेच आमच्याही सोयीचे ठरले, कारण एकाही मुलाला खोप्यापर्यंत हात नेणे शक्य नव्हते.

मात्र त्या विहिरीला कठडा नाही. परवानगी मागायला गेले तेव्हा आप्पांनी एवढेच सांगितले, "मॅडम, पोरेसले इहिरजोडे जाऊ देवू नका." त्यांनीच मोटारीच्या खोलीपासून बांधापर्यंत चुन्याची रेघ मारून दिली. ही रेघ बाभळीपासून साधारण वीस मीटरवर येते. तिच्या पुढे कोणी जायचे नाही, हा आमच्या या निरीक्षण मंडळाचा पहिला नियम झाला. दुसरा नियम पक्ष्यांकडे पाहून ठरला. मुले येऊन बसल्यावर नरांचा चिवचिवाट थांबला आणि काही मिनिटांत तो पुन्हा सुरू झाला नाही, तर आपण फार जवळ आहोत असे समजून मागे सरायचे. सुगरणींना शेतातल्या माणसांची सवय असते. मोटारीच्या खोलीच्या सावलीत शांत बसलेल्या मुलांकडे त्या दोन-तीन मिनिटांनंतर लक्षही देत नसत.

निरीक्षणासाठी सोमवार, बुधवार आणि शनिवार ठरले. वेळ सकाळी साडेसात ते पावणेआठ. पंधरा मिनिटे हा काळ मुद्दामच कमी ठेवला होता, कारण बारा-तेरा वर्षांच्या मुलाचे लक्ष त्याहून अधिक वेळ एका खोप्यावर टिकत नाही, आणि लक्ष उडाल्यावर भरलेला रकाना रिकाम्या रकान्याहून वाईट असतो. तिघातिघांचे गट केले. एकाने दुर्बिणीतून पाहून बोलायचे, दुसऱ्याने नुसत्या डोळ्यांनी संपूर्ण झाड पाहायचे आणि तिसऱ्याने लिहायचे. दर पाच मिनिटांनी कामाची अदलाबदल होई. आमच्याकडे आठ पट मोठे दाखविणाऱ्या दोनच दुर्बिणी होत्या आणि वीस मीटरवरच्या खोप्याला तेवढ्या पुरतात. लिहिण्यासाठी पेन्सिलच वापरायची, कारण पावसाच्या दोन थेंबांनी शाईचा तक्ता वाया जातो.

तक्ता तयार करण्यापूर्वी मुलांकडून बाभळीचे मोठे चित्र काढून घेतले. त्यात प्रत्येक मोठ्या फांदीला अक्षर आणि प्रत्येक खोप्याला क्रमांक दिला. खोपा पडला की त्याचा क्रमांकही संपतो आणि त्याच जागी नवा खोपा आला तरी त्याला नवा क्रमांक मिळतो. हा नियम मुलांना आधी विचित्र वाटला, कारण हजेरीपटावर एखादा मुलगा शाळा सोडून गेला की पुढच्या वर्षी त्याचा क्रमांक दुसऱ्याला मिळतो. पण वादळी पावसाने चार खोपे पडून त्यांच्या जागी दोन नवे सुरू झाले, तेव्हा जुने क्रमांक पुन्हा वापरले असते तर एकाच खोप्याची प्रगती उलटी चालल्याचे दिसले असते.

तक्ता आडव्या कागदावर होता. वरच्या ओळीत तारीख, वेळ, गटातील नावे, आभाळ आणि वारा. त्याखाली प्रत्येक खोप्यासाठी एक ओळ आणि त्या ओळीत पाच रकाने: खोप्याची अवस्था, नर किती वेळा गवत घेऊन आला, मादी आत गेली का, चोचीत काय होते, आणि शेरा. अवस्थांची चित्रे कागदाच्या डाव्या कडेला छापली होती आणि त्यांना मुलांनीच नावे दिली होती. नर प्रथम डहाळीला पात्यांचे वेढे देतो, ती "गाठ". तिच्यापासून खाली वर्तुळ विणतो, ते "कडे". कड्याच्या एका बाजूला छप्पर आणि भिंत वाढली की लोंबकळणाऱ्या शिरस्त्राणासारखा आकार होतो, तो "टोप". टोपाचा एक भाग खालून बंद होऊन अंड्यांची खोली तयार झाली की ती "घागर", आणि दुसऱ्या बाजूने आत जाण्याचा मार्ग खाली लांबवला की "नळी". सगळ्या अवस्था बाहेरूनच ओळखता येतात, आणि सुगरणीची निवड करण्यामागचे मुख्य कारण हेच होते.

काम सुरू झाल्यावर पहिली अडचण दुसऱ्या रकान्यात आली. पहिल्या आठवड्यात मी दोन गटांना एकाच खोप्यावर एकाच वेळी बसवले आणि एकमेकांचे न पाहता लिहायला सांगितले. एका गटाने नराच्या बारा फेऱ्या नोंदवल्या, दुसऱ्याने एकोणीस. दोन्ही गट आपापल्या आकड्यावर ठाम होते आणि आपापल्या परीने दोघेही बरोबर होते. एकाने नर गवताचे पाते घेऊन आला तेव्हाच रेघ मारली होती. दुसऱ्याने तो खोप्यावर बसला की प्रत्येक वेळी मारली होती, मग तो शेजारच्या नराला हुसकावून परत येऊन बसला असला तरी. त्या दिवशी वर्गात ठरले की चोचीत पाते दिसले तरच रेघ मारायची. पुढच्या वेळी त्याच गटांचे आकडे चौदा आणि पंधरा आले. एका फेरीचा फरक राहणारच, कारण नर कधीकधी झाडाच्या मागच्या बाजूने येतो. पण सातांचा फरक राहिला असता, तर पुढच्या सगळ्या बेरजा निरुपयोगी ठरल्या असत्या.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची होती. "मादी आत गेली का" या रकान्यात मुले बिनदिक्कत "नाही" लिहीत. पंधरा मिनिटांत सातव्या खोप्याकडे पाहताना अकराव्या खोप्याकडे कोणी पाहिलेच नव्हते, तरी तिथेही "नाही" होते. म्हणून तीन खुणा ठरवल्या. मादी जाताना दिसली तर बरोबरची खूण, पूर्ण वेळ पाहूनही गेली नाही तर शून्य, आणि खोप्याकडे पाहिले नाही किंवा पानाआड होता तर आडवी रेघ. शून्य आणि रेघ यांतला फरक मुलांच्या अंगवळणी पडायला जुलै महिना निम्मा जावा लागला. एकदा तो पडला की तक्त्यात रेघांची संख्या एकदम वाढते, आणि तक्ता रिकामा दिसतो म्हणून मुले खट्टू होतात. त्या वेळी शिक्षकाने रेघांबद्दल नाराजी दाखवता कामा नये, नाहीतर त्या पुढच्या आठवड्यात शून्य होऊन परत येतात.

अंडी किती, हा रकाना तक्त्यात नव्हता. एका मुलाच्या मोठ्या भावाने बांबूला मोबाइल बांधून खालून नळीत धरण्याची युक्ती सुचवली आणि मुलांना ती फार आवडली. मी ती नाकारली. उबवणारी मादी उडाली तर अंडी थंड पडतात, नळी हलली तर पिल्ले वेळेआधी बाहेर येण्याचा धोका असतो आणि बांबू कुठे गेला हे कावळेही पाहतात. शिवाय वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ मधील शिकारीच्या व्याख्येत पक्ष्यांची अंडी किंवा घरटी विस्कळीत करणेही येते, हे पालकसभेत सांगितल्यावर खोपे तोडून दिवाणखान्यात टांगण्याच्या हौसेवरही थोडे बोलता आले. सुगरण साधारणपणे दोन ते चार पांढरी अंडी घालते, एवढे मुलांना वर्गात सांगितले. तक्त्यात मात्र बाहेरून दिसले तेवढेच.

आता एका खोप्याची हकीकत सांगते, कारण तक्त्याचा उपयोग तिच्यातूनच समजतो. हा "ब" फांदीवरचा सातवा खोपा.

शनिवारी, ५ जुलैला त्या डहाळीवर काही नव्हते. ७ जुलैला गाठ होती, ९ जुलैला कडे. या टप्प्यावर मुलांना नराचे काम जवळून पाहायला मिळाले, कारण त्याचे गवत उसाच्या पट्ट्यातून येत होते आणि तो पट्टा आमच्या उजव्या हाताला होता. नर उसाच्या पात्याच्या कडेला चोचीने खाच पाडतो, खाचेचे टोक धरतो आणि वर उडतो. त्याच्या उडण्याच्या जोरानेच लांब, अरुंद पट्टी सोलून निघते. खोप्यावर आल्यावर तो पट्टीचे टोक विणीत खुपसतो, पलीकडून चोचीत धरून ओढतो आणि पुन्हा अलीकडे घालतो. सुगरण म्हणजे मादी आणि खोपा तीच विणते, अशी घराघरांत समजूत आहे. पिवळ्या माथ्याचा नर विणताना स्वतः पाहिल्यावर आठवीतील एका मुलीने शेऱ्यात लिहिले होते: "विणणारा नर आहे. मादी अजून एकदाही आली नाही." या दोन वाक्यांत कुठेही अंदाज नाही, म्हणून मी ती वर्गात वाचून दाखवली.

१४ जुलैला टोप झाला. १६ जुलैला नर टोपाच्या कड्याला खाली लटकून पंख फडफडवत होता, हा मादीला बोलावण्याचा प्रकार. त्या दिवशी एक मादी आली, कड्यावर बसली आणि निघून गेली. १९ जुलैला आलेली मादी आत गेली आणि आतल्या पट्ट्या चोचीने ओढून पाहू लागली. ती तीच होती की दुसरी, हे सांगता येत नाही, कारण माद्यांना वेगळे ओळखण्याची खूण आपल्याकडे नसते. म्हणून तक्त्यात "मादी" एवढेच लिहिले आहे. २१ जुलैला घागर बंद होत आली होती. यावरून मादीने खोपा पसंत केला असे मानता येते, कारण नर टोपापुढचे काम सहसा पसंतीनंतरच करतो. २६ जुलैला नळी खाली आली होती. तिची लांबी मुलांनी शेजारी बसलेल्या नराच्या मापाने ठरवली. सुगरण पक्षी सुमारे पंधरा सेंटिमीटर लांब असतो आणि नळी त्याच्याहून थोडी कमी होती.

२८ जुलैपासून सातव्या खोप्याच्या ओळीत नराच्या फेऱ्यांच्या रेघा जवळजवळ संपल्या. मुलांना वाटले नर मेला असावा. पण त्याच फांदीवर हातभर अंतरावर एकोणिसाव्या खोप्याची गाठ सुरू झाली होती, आणि तिथे विणणारा नर मधूनमधून सातव्या खोप्यावर येऊन इतरांना हुसकावत होता. १९३० च्या पावसाळ्यात सालिम अली यांनी रायगड जिल्ह्यातील किहीम येथे सुगरणींच्या वसाहतीचा अभ्यास केला होता, आणि एकच नर एकामागून एक खोपे बांधून निरनिराळ्या माद्यांशी जोड्या जमवतो, हे त्यातून पुढे आले होते. ही माहिती मी त्या दिवसापर्यंत मुद्दाम सांगितली नव्हती. आधी सांगितली असती तर मुलांनी एकोणिसावा खोपा न पाहताच त्या नराच्या नावावर लिहिला असता.

३० जुलै आणि २ ऑगस्ट या दोन्ही दिवशी मादी आत गेली आणि पंधरा मिनिटांत बाहेर आली नाही. ही उबवण्याची खूण मानली. ४ ऑगस्टला कोणीच आले नाही, कारण आदल्या रविवारी घरोघरी कानबाई बसली होती आणि सोमवारी तिची मिरवणूक होती. ६ ऑगस्टलाही मादी आतच होती, चोचीत काही नेताना दिसली नाही. ९ ऑगस्टला राखीपौर्णिमेमुळे निरीक्षण झाले नाही. ११ ऑगस्टला ती हिरवी अळी चोचीत धरून नळीत शिरली आणि अर्ध्या मिनिटात रिकाम्या चोचीने बाहेर आली.

पिल्ले कधी निघाली, असे विचारल्यावर सगळ्या मुलांनी एकमुखाने "११ ऑगस्ट" असे उत्तर दिले. त्यावर त्या तासाचा बहुतेक वेळ गेला आणि तो जायलाच हवा होता. ११ तारखेला अळी दिसली, याचा अर्थ पिल्ले त्या दिवशी किंवा त्याआधी निघाली. ६ तारखेला मादी अळ्या नेत नव्हती, म्हणून त्या सकाळपर्यंत बहुधा निघाली नव्हती. मधले दिवस आपण तिथे नव्हतो. त्यामुळे तक्त्याच्या आधारे एवढेच म्हणता येते की पिल्ले ६ आणि ११ ऑगस्टच्या दरम्यान निघाली. सुगरणीची अंडी साधारण १४ ते १७ दिवसांत उबतात, हे घेऊन मागे मोजले तर अंडी घालण्याचा काळ साधारण २० ते २८ जुलैच्या दरम्यान येतो आणि तो घागर व नळीच्या तारखांशी जुळतो. एका मुलाने विचारले, "मॅडम, राखीला आपण गेलो असतो तर नक्की तारीख कळली असती का?" कळली नसती, पण पाच दिवसांची फट तीन किंवा दोन दिवसांची झाली असती. पुढे २५ ऑगस्टला नळीच्या तोंडाशी पिल्लाचे डोके दिसले, २७ तारखेला गणपती होते आणि ३० तारखेला खोपा शांत होता. पिल्ले उडाल्याची तारीखही तक्त्यात "२५ ते ३० ऑगस्टच्या दरम्यान" अशीच लिहिली.

ऑगस्टच्या मध्यावर गावात एक उत्साही गृहस्थ विहिरीवर येऊन खोपे मोजून गेले आणि एकतीस खोपे म्हणजे एकतीस जोड्या, बासष्ट पक्षी, असे त्यांनी मुलांना सांगितले. मुलांनी १३ ऑगस्टचा तक्ता काढला. एकतीस खोप्यांपैकी सहा गाठ किंवा कड्याच्या अवस्थेत होते, अकरा टोप होते आणि चौदा घागर किंवा नळीपर्यंत पोहोचले होते. मादी दीर्घकाळ आत थांबल्याची किंवा अन्न नेल्याची नोंद फक्त नऊ खोप्यांची होती, आणि एका वेळी झाडावर दिसलेले नर अकराहून अधिक कधीच नव्हते. म्हणजे पिल्लांच्या उपयोगात येणारे खोपे एकूण खोप्यांच्या एक तृतीयांशही नव्हते. उरलेले पसंत न पडलेले, वाऱ्याने मोडलेले किंवा अर्धवट सोडलेले होते. सुगरणींची संख्या खोप्यांवरून मोजू नये, हे कोणत्याही पुस्तकापेक्षा त्या एका कागदाने मुलांना अधिक पटवले.

टोप सोडून दिलेला आहे की अजून चालू आहे, हे ओळखण्याची एक सोपी खूण याच काळात हाती लागली. नव्या पट्ट्या हिरव्या असतात आणि काही दिवसांत वाळून गवती रंगाच्या होतात. ज्या टोपावर कुठेही हिरवी पट्टी दिसत नाही आणि दोन आठवडे नराची रेघ नाही, तो बहुधा सोडलेला असतो. पट्टी हिरवी असतानाच लवचीक असते, त्यामुळे वाळलेल्या टोपाला पुढे वाढवणे नरालाही जड जाते. तक्त्याच्या अवस्थेच्या रकान्यात म्हणून हिरव्यासाठी "ह" आणि वाळलेल्यासाठी "व" हे अक्षर जोडले. वादळात पडलेला एक टोप आप्पांनी बांधावर आणून ठेवला होता, तो मुलांनी तिथेच वर्तमानपत्रावर ठेवून पाहिला. आतल्या भिंतीला वाळलेल्या चिखलाचे लहान गोळे चिकटवलेले होते. त्यांच्या उपयोगाबद्दल मुलांनी केलेले अंदाज शेऱ्यात न लिहिता कागदाच्या मागे "वाटले" या शीर्षकाखाली लिहायला लावले. समोरच्या बाजूला फक्त "पाहिले". टोप पाहून झाल्यावर तो बांधावरच ठेवला.

ऑगस्टच्या अखेरीस मादीचा रकाना बिघडू लागला. नुकतीच उडालेली पिल्ले रंगाने मादीसारखीच तपकिरी असतात, आणि दुरून पाहणाऱ्याला घरचिमणीची मादीही तशीच वाटते. मुलांच्या तक्त्यात माद्यांची संख्या अचानक दुप्पट झाली. पिल्लू असेल तर ते पंख थरथरवून अन्न मागते आणि त्याच्या चोचीच्या कोपऱ्यात पिवळट फुगीर कड दिसते. दुर्बिणीतून ती दिसली तर "पिल्लू", नाही दिसली तर "तपकिरी, न ओळखलेला" असे लिहायचे ठरले. सप्टेंबरमधले माद्यांचे आकडे आम्ही कोणत्याही बेरजेत घेतलेले नाहीत.

एका प्रश्नाचे उत्तर या झाडाकडून मिळणार नव्हते, आणि ते का मिळणार नाही हे मुलांना समजणे मला अधिक मोलाचे वाटते. बाभळीवरचे जवळजवळ सगळे खोपे पूर्वेच्या फांद्यांवर होते. सुगरणीचे खोपे पुष्कळदा झाडाच्या पूर्वेच्या अंगाला आढळतात आणि नैर्ऋत्येकडून येणाऱ्या पावसाळी वाऱ्यापासून आडोसा, हे त्याचे कारण सांगितले जाते. मुलांनी लगेच "वाऱ्यामुळे" असे लिहिले. पण आमच्या बाभळीच्या पूर्वेलाच विहिरीचे पाणीही आहे. खोपे पूर्वेला आहेत ते वाऱ्यासाठी की पाण्यासाठी, हे या एका झाडावरून वेगळे करता येत नाही. ज्या झाडाखाली पश्चिमेला पाणी आहे असे झाड पाहिले, तरच काही म्हणता येईल.

नोव्हेंबरमधील पक्षी सप्ताहात, ५ ते १२ तारखांदरम्यान, मुले पुन्हा विहिरीवर गेली. नर आता पिवळे राहिले नव्हते आणि सुगरणींचे थवे कापणी झालेल्या बाजरीच्या शेतांकडे गेले होते, तरी सातव्या खोप्याच्या तोंडाशी एक लहान पक्षी गवताचे काडे घेऊन जाताना दिसला. तक्ता भरणाऱ्या मुलीने सवयीने "मादी" लिहायला घेतले आणि मग थांबली, कारण त्याची शेपटी काळी आणि टोकदार होती, चोच निळसर राखाडी होती. ती पांढऱ्या गळ्याची मुनिया होती. ती सुगरणीच्या जुन्या खोप्यांत स्वतःचे घर करते. आमच्या तक्त्यात पक्षी कोणता, हा रकानाच नव्हता, कारण खोपा सुगरणीचा म्हणजे आतही सुगरणच, असे गृहीत होते. तो रकाना नव्या तक्त्यात घातला आहे.

नव्या तक्त्यात आणखी दोन बदल आहेत. आकाश आणि वारा यांऐवजी "खोप्यावर ऊन आहे का, फांदी हलते आहे का" असे विचारले आहे, कारण मुले "वारा मध्यम" असे वाटेल ते लिहीत होती आणि त्यावरून काहीच कळत नव्हते. आणि कागदाच्या शेवटी "आज कोणकोणते खोपे पाहिले नाहीत" ही ओळ मोठ्या अक्षरांत छापली आहे. गावाच्या नाल्याकाठी शिंदीच्या झाडांवर सुगरणींची एक लहान वसाहत असते आणि तिथे पाणी पश्चिमेच्या अंगाला आहे. पुढील पावसाळ्यात सातवीचे दोन गट तिकडे बसतील, उरलेले विहिरीवर. नाल्याकडची जागा उतारावर असल्याने चुन्याच्या रेघेऐवजी दोरी बांधावी लागेल, आणि ती बांधण्यासाठी जागा पाहायला आप्पा स्वतः येणार आहेत.